कंपन्यांसाठी सणाच्या गिफ्ट हॅम्परच्या व्हिडिओची स्क्रिप्ट कशी लिहावी

हा व्हिडिओ बघणारा माणूस स्वतःसाठी काही घेत नसतो. तो एचआर किंवा ॲडमिनमध्ये असतो, त्याला शेकडो जणांसाठी मागवायचं असतं आणि एकाचा जरी बॉक्स पोहोचला नाही तरी उत्तर त्यालाच द्यावं लागतं. त्यामुळे हॅम्परमध्ये काय काय आहे हे दहा-बारा सेकंदांत उरका. व्हिडिओ बघूनही लोक फोन करून "कमीत कमी किती घ्यावे लागतील?" असंच विचारत असतील, तर स्क्रिप्ट वस्तूंच्या कौतुकातच अडकली आहे असं समजा.

लिहायला बसण्याआधी पॅकिंग सांभाळणाऱ्याकडे जा आणि आकडे घ्या. समजा, ऑर्डर 400 हॅम्परची आहे. सॅम्पल मंजुरीला 2 दिवस, छपाईला 4, रोज 80 बॉक्स भरले तर पॅकिंगला 5 आणि कुरिअरला 6, असे 17 दिवस झाले. अडीअडचणीला 3 दिवस धरा. आता स्क्रिप्टमध्ये ठाम वाक्य लिहिता येतं: "400 हॅम्पर हवे असतील, तर सणाच्या 20 कामकाजाचे दिवस आधी ऑर्डर पक्की करा." "कितीही सांगा, कधीही देऊ" यावर अनुभवी खरेदीदार विश्वास ठेवत नाही.

कस्टमायझेशन बोलण्यापेक्षा दाखवा. तयार बॉक्सवर लोगो छापलेली स्लीव्ह, म्हणजे कागदी पट्टा, सरकवणारा हात अगदी जवळून घ्या. मग झाकण उघडून आतलं कार्ड दाखवा, त्यावर कर्मचाऱ्याचं नाव. त्यावर निवेदन एवढंच: "लोगो स्लीव्हवर, नाव कार्डवर. आधी एक सॅम्पल तुमच्या टेबलावर येईल. तुम्ही हो म्हटल्यावरच बाकीची छपाई." लोगोचा रंग स्क्रीनवर एक आणि कागदावर दुसराच दिसतो, म्हणून सॅम्पलचं हे वाक्य कधीच गाळू नका.

डिलिव्हरीत दोन वेगळी कामं असतात आणि बहुतेक स्क्रिप्ट ती एकत्र करून टाकतात. सगळे बॉक्स एकाच ऑफिसला पाठवणं सोपं असतं. घरोघरी पाठवताना पत्ते चुकतात, फोन लागत नाहीत, बॉक्स परत येतात. म्हणून स्पष्ट लिहा: "घरपोच हवं असेल तर नाव, पूर्ण पत्ता आणि मोबाइल नंबर एक्सेलमध्ये द्या. प्रत्येक बॉक्सचा ट्रॅकिंग नंबर त्याच यादीत भरून परत देऊ." फुटलेला बॉक्स किती दिवसांत बदलून मिळेल, तेही इथेच सांगा.

साठ सेकंदांचं निवेदन 110-120 शब्दांत बसवा आणि घड्याळ लावून मोठ्याने वाचून बघा. ऑफिसात पुष्कळजण आवाज बंद ठेवून व्हिडिओ बघतात, म्हणून किमान संख्या, ऑर्डरची शेवटची तारीख आणि संपर्क क्रमांक पडद्यावर लिहिलेले हवेत. शेवटची चौकट पाच सेकंद तशीच ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला ती वाचून नंबर टिपून घेता येईल.