म्हणालो 'कॅन', ऐकू गेलं 'कॅन्ट': इंग्रजीच्या लयीतल्या या चुका टाळा

माझा भाचा इथे इंदूरलाच एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एका रात्री तो तणतणतच घरात शिरला. "मावशी, तू एवढी वर्षं इंग्रजी शिकवलंस ना, मग हे सांग. मी म्हणालो, 'वी कॅन डिलिव्हर इट बाय फ्रायडे.' तर तो अमेरिकेतला माणूस विचारतो, 'व्हाय नॉट?' मला वाटलं, आवाज तुटला असेल. म्हणून तेच वाक्य पुन्हा म्हटलं, 'कॅन'वर चांगला जोर देऊन. तर म्हणाला, 'ओके, मंडे देन.'"

वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. उच्चारही, म्हणजे एकेका अक्षराचा सुटा उच्चार म्हणाल तर, ठीकच. गडबड लयीत आहे. पहिल्या वेळी ती नकळत झाली आणि दुसऱ्या वेळी जोर देऊन त्याने ती स्वतःच पक्की केली.

सगळ्या अक्षरांना सारखा वाटा देणं

'वी कॅन डिलिव्हर इट बाय फ्रायडे' हे वाक्य बोटांवर मोजा: वी, कॅन, डि, लि, व्हर, इट, बाय, फ्राय, डे. नऊ अक्षरं. आपण मराठी माणसं ही नऊच्या नऊ अक्षरं पंगतीत वाढल्यासारखी म्हणतो, प्रत्येकाला जवळपास सारखा वाटा. हिंदीची चालही याच बाजूची, त्यामुळे घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी बोलणाऱ्या आम्हा इंदूरकरांची सवय दुहेरी घट्ट होते. भाषाशास्त्रात अशा चालीला सिलॅबल-टाइम्ड म्हणतात.

अमेरिकन किंवा ब्रिटिश माणूस याच वाक्यात दोनच ठिकाणी जोर, म्हणजे आघात, देतो: 'डिलिव्हर'मधल्या 'लि'वर आणि 'फ्रायडे'तल्या 'फ्राय'वर. बाकीची सात अक्षरं तो या दोन खांबांच्या आजूबाजूला दाबून बसवतो. ऐकायला ते साधारण असं येतं: 'विक्न्‌डलिव्हरिट्‌बा फ्रायडे.' ही स्ट्रेस-टाइम्ड चाल.

गाणं ऐकणाऱ्यांना हे चटकन कळेल. ठेका तोच ठेवून गायक दोन मात्रांच्या मध्ये कधी एक शब्द ठेवतो, कधी चार कोंबतो. इंग्रजी बोलणं साधारण त्या अंगाने जातं. आपण मात्र लहानपणी भुजंगप्रयातातले श्लोक पाठ केलेले. एका ओळीत बारा अक्षरं म्हणजे बाराच, तेरावं आलं की वृत्त मोडलं. अक्षर मोजायची सवय आपल्या कानात इतकी खोल बसलेली आहे.

ठेक्याची उपमा फार ताणू नका मात्र. स्ट्रेस-टाइम्ड आणि सिलॅबल-टाइम्ड हे शब्द केनेथ पाइक या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1945 मध्ये रूढ केले. पुढे पुस्तकांत असं लिहिलं जाऊ लागलं की इंग्रजीत दोन आघातांमधलं अंतर घड्याळासारखं समान असतं. प्रत्यक्ष मोजमाप केल्यावर ते टिकलं नाही. रिबेका डॉवर यांनी 1983 मध्ये दाखवलं की आघातांमधली अंतरं इंग्रजीतही स्पॅनिशइतकीच कमी-जास्त होतात. स्पॅनिश तर सिलॅबल-टाइम्डचं ठरलेलं उदाहरण. मग कानाला फरक जाणवतो तो कशामुळे? मुख्य कारण हे की इंग्रजीत आघात नसलेल्या अक्षराचा स्वर खरोखर झिजतो, आखूड आणि पुसट होतो. म्हणून मी कोणालाही मेट्रोनोम लावून बोलायला शिकवत नाही. स्वर कुठे झिजवायचा एवढंच शिकवते.

'कॅन' पूर्ण म्हणणं

आता भाच्याच्या वाक्याकडे. अमेरिकन बोलण्यात 'कॅन' आणि 'कॅन्ट' यांतला फरक शेवटच्या 'ट'वर फारसा अवलंबून नसतो. 'कॅन्ट डिलिव्हर' म्हणताना तो 'ट' पुढच्या 'ड'पाशी घशातच अडतो आणि बहुतेकदा ऐकूच येत नाही. मग ऐकणारा ओळखतो कशावरून? स्वरावरून. होकारार्थी 'कॅन' झिजून 'क्न' होतो, जेमतेम एक ठिपका. नकारार्थी 'कॅन्ट'ला मात्र पूर्ण 'अॅ' मिळतो, लांबी मिळते आणि आघातही. म्हणजे होकाराच्या वाक्यात खांब दोन, नकाराच्या वाक्यात तीन: 'वी कॅन्ट डिलिव्हर इट बाय फ्रायडे.'

भाचा 'कॅन' स्वच्छ, पूर्ण, मराठी पद्धतीने म्हणाला. समोरच्याच्या कानाने तिसरा खांब मोजला आणि नकार ऐकला. दुसऱ्यांदा जोर दिल्यावर शंका उरलीच नाही. लंडनच्या माणसापाशी हा घोटाळा सहसा झाला नसता, कारण तिकडे 'कान्ट' म्हणतात, स्वरच वेगळा.

झिजवायचा म्हणजे नेमका कसा, हे विचारलं की मी 'पण'मधला 'अ' म्हणायला सांगते, पण अर्धा, तोंड फारसं न उघडता. जीभ सैल ठेवायची, ओठ आळशी. 'अॅ'साठी जबडा खाली जातो तो जाऊ द्यायचा नाही. हनुवटीला बोट लावून 'वी क्न डिलिव्हर' म्हणा. 'क्न'वर हनुवटी हलली तर अजून 'कॅन'च म्हणताय. हीच गोष्ट 'टू', 'फॉर', 'ऑफ', 'अँड', 'दॅट', 'वॉज', 'फ्रॉम' या शब्दांची. वाक्याच्या मध्ये ते 'ट', 'फर', 'अव्ह', 'अन' एवढेच उरतात. आपल्याला हा अर्धा 'अ' परका नाही, फक्त तो तिथे वापरायची सवय नाही.

एक सावधगिरी. झिजवायचं शिकले की पोरं सगळीकडेच झिजवतात. उत्तराच्या शेवटी आलेला 'कॅन' पूर्णच राहतो: 'येस, वी कॅन.' तिथे 'येस, वी क्न' म्हटलं तर समोरचा पुढच्या शब्दाची वाट बघत बसेल. आणि कोणी आपल्या क्षमतेवर शंका घेतली, 'यू कॅन्ट, कॅन यू?' असं विचारलं, तर उत्तरातल्या 'कॅन'वर मुद्दाम आघात येतो. तिथे तो हवाच.

वेग वाढवणं

'आपलं इंग्रजी त्यांच्यासारखं वाटत नाही, कारण आपण हळू बोलतो' हा एक गोड गैरसमज. उलट पाहिलंय मी. मुलाखतीच्या तयारीला येणारी मुलं पोहे-जिलबीच्या गाडीवरच्या भियासारखी फटाफट बोलतात. सारख्या लांबीची अक्षरं वेगाने म्हटली की मशीनगन ऐकू येते. ऐकणाऱ्याला कुठे धरायचं तेच कळत नाही, कारण इंग्रजी कान खांबांना धरून अर्थ लावतो आणि इथे खांबच नाहीत. वेग तसाच ठेवा, किंवा थोडा कमी करा, पण अक्षरांचा वाटा असमान ठेवा: 'लि' आणि 'फ्राय' ताणा, बाकीचं आवळा.

आघात म्हणजे ओरडणं, असं समजणं

'लि'वर आघात द्या म्हटलं की मराठी माणूस आवाज चढवतो. इंग्रजी आघातात मोठा आवाज असतो, पण त्यापेक्षा जास्त काम लांबी आणि सूर करतात. अक्षर थोडं लांबवा आणि सूर किंचित हलवा, पुरे. नुसतं ओरडलं तर माणूस चिडलेला वाटतो, आणि क्लायंटशी बोलताना ते नको.

आघात शब्दात कुठे येतो हेही पाहावं लागतं, आणि इथे आपली लिपी पाय ओढते. देवनागरीत आपण 'फोटोग्राफ', 'फोटोग्राफर', 'फोटोग्राफिक' लिहितो. तिन्हींची सुरुवात तंतोतंत सारखी दिसते, प्रत्येक स्वर पूर्ण. इंग्रजीत मात्र आघात दर वेळी सरकतो: 'फोटग्राफ', 'फटॉग्रफर', 'फोटग्रॅफिक'. आणि तो सरकला की मागे राहिलेले स्वर बहुतेकदा झिजतात. 'फोटोग्राफर' या लिखाणातला पहिला 'ओ' बोलताना उरतच नाही. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून पाठ करणाऱ्यांनी म्हणून आघाताच्या अक्षराखाली रेघ मारावी आणि झिजणाऱ्या स्वरांवर पेन्सिलीने फुली. मी वर्गात हेच करायला लावायचे.

कान न तपासता सराव करणं

स्वतः बोलताना स्वतःची लय ऐकू येत नाही. भाच्याला मी सांगितलं, हेच वाक्य फोनवर रेकॉर्ड कर, फोन आतल्या खोलीत लाव, दार लोटून घे आणि स्वयंपाकघरातून ऐक. दारातून शब्द पुसट होतात, लय तेवढी राहते. पहिल्या दिवशी ते रेकॉर्डिंग लागलं तेव्हा त्याची आई कुकर लावत होती. ती म्हणाली, "कोणाशी एवढा भांडतोय रे हा मराठीत?" मी हसून लोटपोट. शब्द सगळे इंग्रजी होते.

मग टेबलावर सराव. बोटाने दोन टिचक्या, मध्ये सारखं अंतर, आणि वाक्य त्यांच्यावर बसवायचं: 'लि' पहिल्या टिचकीवर, 'फ्राय' दुसरीवर. ते जमलं की अंतर तेच ठेवून मध्ये भर घालायची: 'वी क्न डिलिव्हर द होल थिंग बाय फ्रायडे.' नऊ अक्षरांची अकरा झाली, तरी टिचकीला उशीर होऊ द्यायचा नाही. प्रत्यक्ष बोलण्यात अंतर एवढं समान राहत नाही हे वर सांगितलंच. टिचक्या फक्त अक्षरं आवळायला शिकवतात. वाक्य पाठ होऊन सवय सैल होते, म्हणून दर दोन दिवसांनी नवं, ऑफिसचंच वाक्य घ्यायला सांगितलं.

हे सगळं कोणासाठी करायचं, हेही एकदा ठरवावं. पुण्याचे नातेवाईक आमच्या इंदुरी मराठीला हिंदीचा वास येतो म्हणतात; म्हणून आम्ही मराठी बोलायचं सोडलेलं नाही. चेन्नईच्या किंवा सिंगापूरच्या सहकाऱ्याशी बोलताना भाच्याची मूळची लय मुळीच अडत नाही, कारण त्यांचीही चाल अशीच. अडते ती अमेरिकन कानापाशी, आणि तिथेही दर वाक्यात नाही.

शिवाय तीन आठवडे सराव झाला तरी घाईत, वाद सुरू असताना, त्याचा 'कॅन' पुन्हा पूर्ण होतो. ते होणारच. म्हणून तारखा आणि पैसे यांच्या वाक्यांत तो आता हा शब्दच टाळतो. होकार असेल तर 'वी विल डिलिव्हर इट बाय फ्रायडे', नकार असेल तर सरळ 'वी कॅनॉट', दोन्ही अक्षरं म्हणून. आणि कॉल संपल्यावर तारीख मेलवर लिहून पाठवतो.