ईबीसीचे पैसे नक्की कधी येतात? आधी भरून मागून मिळवायच्या फीबद्दल माझा अनुभव

इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेताना घरी सगळे म्हणत होते की ईबीसी आहे, अर्धी फी माफ. माफ हा शब्दच चुकीचा आहे हे कॉलेजच्या काउंटरवर कळलं. राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजना, जिला आपण अजून ईबीसीच म्हणतो, ती फी प्रतिपूर्ती आहे, म्हणजे तुमच्या फीचा काही हिस्सा सरकार मागाहून भरून देतं. वसतिगृहाचा निर्वाह भत्ता किंवा मेरिट स्कॉलरशिप वेगळी, ते पैसे तुमच्या खर्चाला येतात, कॉलेजच्या फी पावतीशी त्यांचा संबंध नसतो. इथे सगळा खेळच पावतीचा.

माझी फी 1,12,000 होती. वडिलांनी त्याच्या निम्मे 56,000 धरून ठेवले होते. पण त्या 1,12,000 मध्ये ट्यूशन फी 98,000 आणि डेव्हलपमेंट फी 14,000, आणि योजना फक्त ट्यूशन फीच्या 50 टक्क्यांना (आणि परीक्षा फीच्या निम्म्याला) लागू. म्हणजे मिळणार 49,000, डेव्हलपमेंटचे 14,000 पूर्ण आपले. त्यावर क्लार्क म्हणाले, "आत्ता सगळी भरा, सरकारकडून आले की परत मिळतील." खरं तर उरलेलीच फी घ्यायची असा नियम, पण त्या दिवशी सीट जायची भीती होती म्हणून पतसंस्थेतून कर्ज काढून पूर्ण भरली. आता कोणी विचारलं तर मी सांगतो, लेखी अर्ज द्या आणि ट्यूशन, डेव्हलपमेंट वेगळं दाखवणारी पावती घ्या, नुसती एकत्र रकमेची नको.

आता उशीर का होतो. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर फॉर्म भरला की तो आधी कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग सहसंचालक कार्यालयाच्या डेस्कवर जातो, आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी माणूस बसून तुमची कागदपत्रं उघडून बघतो. माझा फॉर्म दीड महिना कॉलेजमध्येच पडून होता कारण क्लार्क एकच आणि फॉर्म शेकड्यांनी. नंतर तो Send Back झाला, उत्पन्नाचा दाखला चुकीच्या वर्षाचा होता म्हणून. मेसेज आलाच नाही, मी सहज लॉगिन केलं म्हणून दिसलं. तेव्हापासून आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, स्टेटस बघायची सवय लावून घेतली, कारण मुदत संपेपर्यंत दुरुस्त केलं नाही तर ते वर्ष हातचं जातं.

डेस्कवरून मंजूर झालं तरी पैसे येत नाहीत, योजनेसाठी निधी सुटायला लागतो, तो टप्प्याटप्प्याने येतो आणि बिलं कोषागारातून जातात. या टप्प्यावर तुम्ही काही करू शकत नाही. पण निधी आल्यावर पोर्टलवर व्हाउचर दिसतं, ते आपण स्वतः Redeem करावं लागतं, आणि दोन हप्ते असतील तर दोनदा. माझा एक मित्र पहिला हप्ता रिडीम करून दुसरा विसरला, चार महिने ऑफिसला शिव्या घालत बसला होता.

माझं सगळं करूनसुद्धा 24,500 चा पहिला हप्ता "जमा" दाखवत होता आणि बँकेच्या पासबुकात एक रुपया नव्हता. कारण पैसे अकाउंट नंबरवर जात नाहीत, आधारवर जातात, आणि ज्या बँकेत सगळ्यात शेवटी आधार सीडिंग झालंय, म्हणजे पैसे घेण्यासाठी आधार जोडलं गेलंय, तिकडे जातात. सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन एका पेमेंट्स बँकेत खातं उघडलं होतं, ते मला माहीतही नव्हतं, पैसे तिथे पडले होते! UIDAI च्या साइटवर Bank Seeding Status मध्ये कुठली बँक दिसते ते फॉर्म भरायच्या आधीच बघा. चुकीची असेल तर आपल्या बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म द्या, नुसतं "आधार लिंक आहे" असं ते म्हणतात त्यावर थांबू नका, एनपीसीआय या पेमेंट यंत्रणेत त्या बँकेचं मॅपिंग झालं का ते विचारा. काही योजनांत फीचा हिस्सा थेट कॉलेजच्या खात्यात जातो, तेव्हा परतावा कॉलेजकडे मागायचा असतो, त्यामुळे पैसे कुठे उतरणार हे आधीच विचारून ठेवा.

मॅनेजमेंट कोट्याला ईबीसी लागू नाही, ॲडमिशन कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवं, आणि एका कुटुंबातल्या दोनच मुलांना मिळतं.

माझ्या बहिणीला 2024 मध्ये ॲडमिशन मिळालं, तेव्हा 8 जुलैचा जीआर येऊन गेला होता, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना 100 टक्के ट्यूशन फीची प्रतिपूर्ती. वडील म्हणाले आता काही भरायचं नाही. मी त्यांना माझी जुनी पावती काढून दाखवली, डेव्हलपमेंट फीच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि आम्ही तेवढे पैसे बाजूला काढून तिच्यासोबत काउंटरवर गेलो.