फोटोत ‘ई’ दिसत नाही

बेळगावात त्वचारोगाच्या वर्गात तळपायाच्या काळ्या डागाचा फोटो पडद्यावर आला की मुलं थेट ‘मेलानोमा’, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग, म्हणून मोकळी होतात. आधी दिसतं तेवढंच लिहा, संशयित डाग तपासायच्या ‘ए, बी, सी, डी, ई’ या पाच निकषांच्या क्रमाने.

समजा, खानापूरकडच्या शेतकऱ्याची टाच आहे. डाग मनातल्या मनात आडवा नि उभा दुमडून पाहा. दोन्ही अर्धे जुळत नाहीत, हे ‘ए’. कड एका बाजूला ठळक, दुसरीकडे कातरलेली, हे ‘बी’. ‘सी’साठी रंगांची नावं द्या: फिकट तपकिरी, काळा, मध्ये निळसर राखाडी. नुसतं ‘काळपट’ लिहून भागत नाही.

‘डी’ म्हणजे व्यास, त्याची सीमा 6 मिमी. पण डागाशेजारी मोजपट्टी नसेल तर ‘माप ठरवता येत नाही’ असंच लिहा, झूम केलेल्या फोटोत अंदाज हमखास फसतो.

‘ई’ म्हणजे काळानुसार झालेला बदल. तो एका फोटोत कसा दिसणार? तिथे रुग्णाला विचारायचे प्रश्न लिहा, मराठीत किंवा कन्नडमध्ये: डाग कधीपासून आहे, वाढला का, रक्त येतं का?

आणि हो, गाठीसारखा वाढणारा मेलानोमा गोल, एकरंगी असू शकतो. तिथे ‘ए’ ते ‘सी’ गप्प बसतात, ‘ई’च बोलतो.