क्लेव्हिस पिनचा व्यास ठरवताना या चुका टाळा

क्लेव्हिसच्या दोन बाहेरच्या प्लेटा प्रत्येकी १० मिमी जाड, मधला आय, म्हणजे छिद्र असलेली पट्टी, १६ मिमी जाड आणि ओढ ४० किलोन्यूटन, असा जोड घेऊ. भार स्थिर आहे आणि पिन फिरत नाही. पिन ईएन८ पोलादाची. शिअरची, म्हणजे पिन कापली जाण्याच्या ताणाची, मर्यादा ६० आणि बेअरिंगची, म्हणजे पिन व छिद्र यांच्यातल्या दाबाची, १०० न्यूटन प्रति चौरस मिमी धरली आहे.

आधी पिन किती ठिकाणी कापली जाऊ शकते ते मोजा. आयच्या दोन्ही बाजूंना प्लेट असेल तरच डबल शिअर. दोनच प्लेटा एकावर एक ठेवून पिन घातली असेल, तर कापण्याची जागा एकच असते. तिथे डबल शिअरचे सूत्र वापरले की पिनमधला ताण हिशोबापेक्षा दुप्पट निघतो.

आपल्या जोडात P ही ओढ आणि τ ही शिअरची मर्यादा धरली, तर शिअरसाठी लागणारा व्यास d असा येतो:

```
d = √(2P / (π·τ)) = √(80000 / (π·60)) = 20.6 mm
```

इथेच थांबून २२ मिमीची पिन घेणे ही सर्रास होणारी चूक. बेअरिंगमध्ये भाराला व्यास गुणिले जाडी या क्षेत्रफळाने भागायचे असते. छिद्राचा अर्धा घेर धरला तर क्षेत्र दीडपटीहून जास्त दिसते आणि जोड कागदावर उगाच सुरक्षित ठरतो. आय १६ मिमीचा आहे, पण बाहेरच्या दोन्ही प्लेटांची एकत्र जाडी २० मिमी भरते, म्हणून निर्णय आयवर होतो. ४०००० ÷ (१६ × २२) म्हणजे ११४, मर्यादेच्या बाहेर. २५ मिमी घेतल्यावर ताण बरोबर १०० येतो, आणि शिअर ४१ वर उतरतो.

पिन हलती असेल, तर १०० ही मर्यादा चालत नाही. पृष्ठभाग घासतो, म्हणून ती बरीच खाली आणावी लागते आणि बुश व ग्रीसची सोय करावी लागते.

आता वाक, जो बहुतेक जण तपासतच नाहीत. आय आणि प्लेट यांच्यात प्रत्येक बाजूला फट c असेल, तर वाकाचा मोमेंट M आणि वाकाचा ताण σ असे येतात:

```
M = (P/2)·(10/3 + c + 16/4)
σ = 32M / (π·d³)
```

फट १ मिमी असताना २५ मिमीच्या पिनमध्ये वाकाचा ताण सुमारे १०९ येतो. वाकाची मर्यादा १२० धरली, तर चालेल. फट ४ मिमी झाली की तोच ताण १४८ होतो. जुळवणीत फट वाढल्याचे दिसले, तर पिन जाड करण्याआधी दोन्ही बाजूंना वॉशर घालून आय मध्यभागी बसवा. वॉशरने प्लेटा आतल्या अंगाला वाकत नाहीत आणि आय एका बाजूला सरकत नाही, पण हिशोबातली फट तेवढीच राहते. म्हणून वाक मर्यादेबाहेरच येत असेल, तर २८ मिमीची पिन घ्या.

बिघाड झालेला जोड कारण दाखवतो. छिद्र लांबट होऊन पिन सरळ राहिली, तर बेअरिंग कमी पडले. पिन धनुष्यासारखी वाकली, तर फट तपासा. पिनवर दोन पायऱ्या पडल्या असतील, तर शिअर. एकाच बाजूला तुटली असेल, तर स्प्लिट पिनचे छिद्र किंवा आटे कापण्याच्या जागेत आले आहेत का ते पाहा. छिद्र नेहमी बाहेरच्या प्लेटपलीकडे पडले पाहिजे.