बेडक्याच्या अहवालात ‘ट्रेस’ किंवा ‘निगेटिव्ह’ आलं, तर पुढे काय करायचं

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी कणकण, वजन उतरलेलं. आशाताई टीबीसाठी बेडका तपासायला पाठवतात आणि चार-सहा दिवसांत हातात कागद येतो. ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ एवढाच शब्द असला तर लोकांना वाटतं, झालं, उत्तर मिळालं. गोंधळ होतो तो कागदावर ‘ट्रेस’ लिहून आलं की, किंवा एक तपासणी निगेटिव्ह आणि दुसरी पॉझिटिव्ह आली की.

हा गोंधळ सोडवायचा तर एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. कुठलीही तपासणी ‘या माणसाला टीबी आहे का’ हे सांगत नाही. डबीत आलेल्या बेडक्यात जंतू सापडले का, एवढंच ती सांगते. आणि किती जंतू असले म्हणजे सापडतील, हे प्रत्येक तपासणीचं वेगळं असतं.

सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर जंतू दिसायला एका मिलिलिटर बेडक्यात साधारण 5,000 ते 10,000 जंतू असावे लागतात. ट्रूनॅट आणि सीबीनॅट या यंत्रावर जंतूची जनुकं शोधणाऱ्या तपासण्या आहेत. ट्रूनॅटला किंवा जुन्या सीबीनॅट कार्ट्रिजला शंभर-सव्वाशे पुरतात. सीबीनॅटचं ‘अल्ट्रा’ कार्ट्रिज तर पंधरा-सोळा जंतूंवरही सापडल्याचं सांगतं. म्हणून काचपट्टी निगेटिव्ह आणि अल्ट्रा पॉझिटिव्ह आलं तर कुणाची चूक झालेली नसते. जंतू थोडे होते, एवढाच त्याचा अर्थ.

आधी डबीत काय गेलं ते पाहा

निगेटिव्ह अहवालावर विश्वास ठेवण्याआधी बेडका कसा दिला होता ते विचारा. पुष्कळदा डबीत फक्त थुंकी असते. थुंकी पातळ, पाण्यासारखी आणि फेसाळ असते. बेडका चिकट, घट्ट, पांढरट-पिवळसर असतो आणि तो छातीतून येतो. थुंकी कितीही चांगल्या यंत्रात घातली तरी फुप्फुसातले जंतू तिच्यात फारसे येणार नाहीत.

नमुने दोन द्यायचे असतात. एक दवाखान्यात गेल्या गेल्या, दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी. रात्रभर छातीत साठलेला बेडका सकाळी निघतो, म्हणून सकाळचा नमुना जास्त कामाचा. तंबाखू, गुटखा किंवा मिसरीची सवय असेल तर साध्या पाण्याने चूळ भरून तोंड स्वच्छ करावं, कारण अन्नाचे आणि तंबाखूचे कण यंत्रात अडथळा आणतात. मग दोन-तीन खोल श्वास घ्यायचे, शेवटचा श्वास थोडा रोखायचा आणि पोटापासून जोर लावून खोकायचं. 2 ते 5 मिलिलिटर हवा, म्हणजे चहाच्या छोट्या चमच्याने अर्धा ते एक चमचा. एका खोकल्यात तेवढा निघत नाही, दोन-तीनदा खोकावं लागतं. हे घराबाहेर, मोकळ्या हवेत करावं, बंद खोलीत किंवा लेकरांजवळ नाही.

झाकण घट्ट लावून डबी त्याच दिवशी पोचवावी. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीशी ओलांडतो, तेव्हा मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या डबीत इतर जंतू माजतात आणि पुढे कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणं, करायचं झालं तर ते खराब होतं. उशीर होणारच असेल तर डबी उपकेंद्राच्या फ्रीजमध्ये ठेवायला सांगा. घरच्या फ्रीजमध्ये दुधाशेजारी ठेवू नका.

काचपट्टीचा अहवाल

काचपट्टीवर ‘निगेटिव्ह’ लिहिण्याआधी तंत्रज्ञाने तेल-भिंगाखाली 100 क्षेत्रं पाहिलेली असावी लागतात. तेवढ्या क्षेत्रांत मिळून 1 ते 9 जंतू दिसले तर ‘स्कँटी’ लिहून नेमका आकडा देतात, 10 ते 99 दिसले तर 1+. प्रत्येक क्षेत्रात 1 ते 10 दिसले तर 2+, दहाहून जास्त दिसले तर 3+. फ्लुरोसंट सूक्ष्मदर्शक असेल तर मोजणीचे आकडे बदलतात, पण या खुणांचा अर्थ तोच राहतो. 3+ म्हणजे औषधाला दाद न देणारा टीबी, असं नाही. जंतू भरपूर आहेत आणि तो माणूस खोकल्यातून जास्त पसरवतो, असा त्याचा अर्थ.

काचपट्टीला आणखी दोन मर्यादा आहेत. तिच्यावर मेलेला आणि जिवंत जंतू सारखाच दिसतो. आणि टीबीच्या जंतूचे नातेवाईक असलेले, माती-पाण्यातले काही जंतूही तसेच लाल दिसतात. काचपट्टी पॉझिटिव्ह आणि ट्रूनॅट किंवा सीबीनॅट निगेटिव्ह, अशी जोडी आली तर डॉक्टर या दुसऱ्या जंतूंचा विचार करतात आणि कल्चर मागवतात. ही जोडी हातात असताना आपल्या मनाने काही ठरवू नये.

ट्रेस म्हणजे नेमकं काय

अल्ट्रा कार्ट्रिज जंतूच्या जनुकीय साखळीतले दोन वेगळे तुकडे शोधतं. पहिला तुकडा एकाच जंतूत अनेक ठिकाणी असतो, त्यामुळे जंतू मोजके असले तरी सापडतो. दुसरा तुकडा प्रत्येक जंतूत एकदाच असतो आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल की नाही, हे त्याच्यावरून कळतं. जंतू फारच थोडे असतील तर पहिला तुकडा हाती लागतो, दुसरा लागत नाही. तेव्हा कागदावर असं छापून येतं, त्यात MTB म्हणजे टीबीचा जंतू आणि RIF म्हणजे रिफाम्पिसिन:

```
MTB Trace DETECTED; RIF Resistance INDETERMINATE
```

दुसऱ्या अर्ध्या भागाने घरात घबराट होते. ‘एमडीआर झालाय म्हणे’, म्हणजे औषधांना दाद न देणारा टीबी झालाय, अशी बातमी गल्लीत फिरते. पण `INDETERMINATE` चा अर्थ ‘ठरवता आलं नाही’ एवढाच आहे. औषधाला विरोध सापडला असता तर तिथे `RIF Resistance DETECTED` लिहिलं असतं.

ट्रेसचं पुढे काय करायचं, हे माणसावर अवलंबून असतं. लहान मूल, एचआयव्ही असलेला रुग्ण, किंवा गाठीतून, मणक्यातून, पाठीच्या पाण्यातून घेतलेला नमुना असेल तर ट्रेस हा टीबीच धरतात आणि उपचार लांबवत नाहीत, कारण अशा ठिकाणी जंतू मुळातच कमी असतात. एचआयव्ही नसलेल्या मोठ्या माणसाच्या बेडक्यात ट्रेस आलं तर ताजा नमुना घेऊन तपासणी पुन्हा करतात. पुन्हा ट्रेस आलं आणि आधी कधी टीबी झालेला नसेल, तर निदान करायला तेवढं पुरतं.

अडचण येते ती आधी टीबी होऊन गेलेल्यांची. गोळ्यांनी मेलेल्या जंतूंचे तुकडे फुप्फुसात महिनोन्‌महिने, कधी काही वर्षंही राहतात. अल्ट्राला ते सापडतात आणि तो ट्रेस दाखवतो. म्हणून बेडका देतानाच ‘मागे टीबीच्या गोळ्या खाल्ल्या होत्या का, कधी, पूर्ण केल्या का’ हे सांगायचं. पुष्कळ जण लाजेने हे लपवतात आणि नेमकं तेच निदानाला लागतं.

एक उदाहरण, पायरी पायरीने

समजा, धारूर तालुक्यातला 46 वर्षांचा ऊसतोड कामगार आहे. कारखान्याचा पट्टा पडल्यावर गावी आला. चार आठवड्यांचा खोकला, रात्री घाम, पाच किलो वजन कमी. तीन वर्षांपूर्वी टीबीच्या सहा महिन्यांच्या गोळ्या पूर्ण केलेल्या. दोन्ही काचपट्ट्या निगेटिव्ह, अल्ट्रावर ट्रेस.

पहिल्यांदा डॉक्टर जुना आणि नवा छातीचा एक्स-रे शेजारी लावून पाहतील. जुना एक्स-रे घरच्या पेटीत असेल तर तो नक्की न्यावा, इथे त्याच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही. जुना व्रण जसाच्या तसा असेल तर एक अर्थ, नवा डाग किंवा पोकळी असेल तर दुसरा. त्याच वेळी एचआयव्ही आणि रक्तातली साखर तपासतील. मग सकाळचा ताजा नमुना घेऊन अल्ट्रा पुन्हा, आणि त्याच नमुन्यातून द्रव माध्यमातलं कल्चर. कल्चरमध्ये फक्त जिवंत जंतू वाढतात. जुने मेलेले तुकडे की नवा आजार, याचा निकाल तिथेच लागतो. मात्र निगेटिव्ह म्हणायला 42 दिवस वाट पाहावी लागते.

आपल्या उदाहरणात एक्स-रेवर उजव्या बाजूला वरती नवा डाग दिसला आणि ताज्या नमुन्यावर `MTB DETECTED LOW; RIF Resistance NOT DETECTED` आलं. आता जंतू जास्त सापडलेत, रिफाम्पिसिन लागू पडेल हेही कळलंय. उपचार सुरू होतात, कल्चरसाठी थांबत नाहीत. दुसऱ्या वेळी पुन्हा ट्रेसच आलं असतं आणि एक्स-रे जुनाच दिसला असता, तर कल्चर येईपर्यंत लक्ष ठेवून खोकल्याचं दुसरं कारण शोधलं असतं. आणि दुसरी तपासणी निगेटिव्ह आली असती, पण डाग नवा आणि वजन उतरतंय, तर निगेटिव्ह कागदावर त्याला घरी पाठवणं चूक ठरलं असतं.

या साऱ्याची साखळी तुटते ती ठिकाण बदलल्यामुळे. दिवाळीनंतर टोळी उचलून गेली की दुसरा नमुना राहून जातो. तेव्हा निघण्याआधी नि-क्षय या सरकारी टीबी नोंदणीतला आपला क्रमांक लिहून घ्यावा आणि कारखान्याच्या तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात तो दाखवावा. तिथून तपासणी पुढे चालू राहते, नव्याने सुरुवात करावी लागत नाही.

निगेटिव्ह आलं, पण त्रास थांबत नाही

`MTB NOT DETECTED` म्हणजे तपासणी नीट झाली आणि त्या नमुन्यात जंतू सापडले नाहीत. `INVALID`, `ERROR` किंवा `NO RESULT` हे निगेटिव्ह नव्हेत. तिथे तपासणीच झालेली नाही, नमुना पुन्हा द्यायचा. रक्ताळलेला, अति घट्ट किंवा खरकटं मिसळलेला नमुना हे त्याचं नेहमीचं कारण.

खरं निगेटिव्ह आलं तरी एक्स-रे काढून घ्यावा. शिवाय त्या आधीच्या दिवसांत बाहेर कुठली औषधं घेतली ते सांगावं. लिव्होफ्लॉक्सॅसिन आणि तिच्या गटातली औषधं साध्या खोकल्यावर सर्रास दिली जातात. ती टीबीचे जंतू काही काळ दाबून ठेवतात. दोन आठवडे बरं वाटतं, बेडका निगेटिव्ह येतो आणि मग खोकला पुन्हा उसळतो. त्या गोळ्यांची पाकिटं फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.

गोळ्या सुरू झाल्यानंतर मात्र ट्रूनॅट किंवा सीबीनॅट पुन्हा करून ‘कमी झालं का’ पाहू नये. मेलेल्या जंतूंमुळे ते बरेच दिवस पॉझिटिव्ह येत राहतं. दोन महिन्यांनी आणि उपचार संपताना काचपट्टीच पाहतात. दुसऱ्या महिन्याला ती पॉझिटिव्ह आली तर डॉक्टर गोळ्या चुकल्या का ते विचारतात आणि औषध लागू पडतंय का हे पाहायला नमुना पुढे पाठवतात. तो निकाल येईपर्यंत चालू गोळ्या स्वतःहून थांबवायच्या नाहीत.