पैठणी संपली? वेटिंगचा मेसेज असा लिहा

मर्यादित संच संपल्यावर नुसतं ‘सोल्ड आउट’ लिहिलं की गिऱ्हाईक खट्टू होऊन दुसरीकडे वळतं. संपण्याचं खरं कारण, यादीतला नंबर आणि पुढची तारीख सांगितली, तर तेच गिऱ्हाईक आवडीने थांबतं. हातमागाच्या पैठणीसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर असं लिहा:

“नमस्कार ताई, बांगडी-मोर पदराच्या 12 पैठण्या विणल्या होत्या, सगळ्या गेल्या. एकीला मागावर दीड महिना लागतो, म्हणून एवढ्याच. तुमचा नंबर तिसरा. कुणी ऑर्डर रद्द केली तर क्रमाने विचारू, 24 तास तुमच्यासाठी राखून ठेवू. 15 तारखेपर्यंत नाही जमलं तर तसंही कळवू. आसावली पदराचा पुढचा संच यादीतल्यांना दोन दिवस आधी दाखवू.”

सोबत मागावर अर्धा विणलेल्या पदराचा जवळून काढलेला फोटो द्या. मन अडकतं ते त्या जरीत. 15 तारखेचा मेसेज मात्र चुकवू नका, नकार द्यायचा असला तरी.

यादीत नाव घालायला पैसे घेऊ नका. आणि ‘पुन्हा विणणार नाही’ म्हणून विकलेलं डिझाइन मागणी दिसली म्हणून परत मागावर चढवू नका. पहिल्या 12 जणींना ती फसवणूक वाटेल.