पाहुण्यांना आपल्या स्पीकरवर गाणी लावू द्या, पासवर्ड मात्र देऊ नका

थंडी पडली की यावल तालुक्यातल्या आमच्या घरी दर वर्षी दोन-तीन भरीत पार्ट्या होतात. अंगणात पऱ्हाटीवर वांगी भाजली जातात, ओसरीवर टीव्ही असतो आणि त्याचा आवाज वायरने अ‍ॅम्प्लिफायरमार्फत अंगणातल्या दोन मोठ्या स्पीकरांपर्यंत नेलेला असतो. तीस-चाळीस माणसे जमतात आणि प्रत्येकाला आपल्या आवडीचे गाणे हवे असते. आमच्याकडे अहिराणी गाण्यांची मागणी सर्वांत जास्त असते व ती बहुतेक यूट्यूबवरच सापडतात, म्हणून येथे यूट्यूबचीच पद्धत सांगतो. ती वापरण्यासाठी पाहुण्याला नवे अ‍ॅप घ्यावे लागत नाही, तुमच्या वायफायवर यावे लागत नाही आणि तुमचा कोणताही पासवर्ड लागत नाही.

पासवर्ड न देण्याविषयी मी इतका आग्रही का आहे, ते आधी सांगतो. यूट्यूबचा पासवर्ड म्हणजे गूगल खात्याचा पासवर्ड, आणि त्याच पासवर्डने तुमची मेल, फोटो व फोनमधील संपर्क उघडतात. काही वर्षांपूर्वी गाणी लावण्याच्या घाईत मी तो एका पाहुण्याला सांगितला आणि त्याने लॉगिन करताना माझ्या फोनवर आलेल्या विचारणेला ‘होय’ म्हटले. पुढचे कित्येक दिवस त्याच्या घरच्या मुलांनी पाहिलेले व्हिडिओ माझ्या इतिहासात दिसत राहिले. शेवटी पासवर्ड बदलून त्याचा फोन माझ्या खात्यातून काढावा लागला. ‘नंतर पासवर्ड बदलून टाका’ हा सल्ला अनेक जण देतात, पण मधल्या काळात जे पाहिले जाते ते पासवर्ड बदलल्याने परत येत नाही.

वायफायचा पासवर्ड देणे हा दुसरा नेहमीचा सल्ला आहे. पाहुणा तुमच्या वायफायवर आला की त्याच्या यूट्यूबमध्ये तुमचा टीव्ही आपोआप दिसतो, हे खरे आहे. परंतु त्यासाठी चाळीस माणसांना घरच्या नेटवर्कमध्ये घ्यावे लागते. यावर उपाय म्हणून काही जण राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क सुरू करतात आणि मग टीव्ही दिसत का नाही म्हणून डोके धरून बसतात. तो दिसत नाही, कारण पाहुण्यांचे नेटवर्क घरातल्या उपकरणांपासून वेगळे ठेवण्यासाठीच बनवलेले असते. राउटरशी खेळत बसण्यापेक्षा टीव्ही कोड वापरावा.

टीव्हीवर यूट्यूब उघडावे. सर्वप्रथम डाव्या बाजूच्या पट्टीतून खाते बदलण्याच्या जागी जाऊन आपल्या खात्याऐवजी पाहुणा म्हणून, म्हणजे साइन इन न करता, यूट्यूब सुरू करावे. असे केल्यास तुमचा इतिहास आणि तुम्हाला सुचवलेले व्हिडिओ चारचौघांत पडद्यावर येत नाहीत व पार्टीची गाणी तुमच्या आवडीनिवडीत मिसळत नाहीत. तुमच्याकडे यूट्यूबचे सशुल्क सदस्यत्व असेल, तर या पद्धतीत जाहिराती दिसू शकतील. मी त्या सहन करतो. त्यानंतर टीव्हीच्या यूट्यूबमधील ‘Settings’ मध्ये जाऊन ‘Link with TV code’ निवडावे. पडद्यावर बारा आकडी कोड दिसतो.

पाहुण्याने आपल्या फोनवर यूट्यूब उघडून वरच्या कास्टच्या चिन्हावर, म्हणजे कोपऱ्यात लहरी असलेल्या छोट्या चौकोनावर, बोट ठेवावे, ‘Link with TV code’ निवडावे आणि पडद्यावरचे बारा आकडे भरावेत. फोनचे अ‍ॅप मराठीत असेल तर हीच नावे मराठीत दिसतील. सकाळी काढून ठेवलेल्या कोडच्या फोटोवर विसंबू नये. पाहुणा समोर असताना कोडचा पडदा नव्याने उघडावा.

येथे काय घडते हे समजून घेतले, तर पुढच्या निम्म्या अडचणी येत नाहीत. ब्लूटूथने जोडल्यावर गाण्याचा आवाज फोनमधून स्पीकरकडे जातो. त्यामुळे फोनवाला शेतात गेला की गाणे तुटते आणि त्याला कॉल आला की गाणे थांबून घंटी स्पीकरवर वाजू लागते. टीव्ही कोडमध्ये फोन केवळ ‘हा व्हिडिओ लाव’ असा निरोप इंटरनेटवरून पाठवतो आणि व्हिडिओ टीव्ही स्वतः आपल्या इंटरनेटवरून आणतो. म्हणून पाहुण्याचा फोन त्याच्या स्वतःच्या मोबाइल डेटावर असला तरी चालते, त्याचा डेटा गाण्यासाठी फारसा खर्च होत नाही आणि तो गावात पान आणायला गेला तरी गाणे चालू राहते. मात्र टीव्हीला इंटरनेट हवेच. घरात ब्रॉडबँड नसेल आणि टीव्ही तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटवर असेल, तर तो फोन चार्जरला लावून टीव्हीजवळच ठेवावा. तो खिशात घालून तुम्ही विहिरीकडे गेलात तर सगळी पार्टी शांत होईल.

आता खरी अवघड पायरी, जिने मला पहिल्या दोन पार्ट्यांत हैराण केले. जोडलेल्या प्रत्येक फोनला सारखाच अधिकार मिळतो. गाणे लावणे, थांबवणे, पुढे ढकलणे, आवाज कमी-जास्त करणे हे सर्व कोणीही करू शकतो आणि यजमानाला जास्तीचा अधिकार नसतो. पहिल्या वर्षी मी उत्साहाने जवळजवळ पंधरा फोन जोडू दिले. एका आत्याबाईंनी सांगितलेले गाणे सुरू होऊन अर्धा मिनिट झाला असेल, तोच ते तुटून दुसरे लागले. तेही दोन कडव्यांत तुटले. कोणी मुद्दाम करत असेल असे वाटून मी एका भाच्याला रागावलो. तो म्हणाला, “मामा, मी फक्त गाणं शोधून त्याच्यावर बोट ठेवलं.” त्याचे म्हणणे अगदी खरे होते.

फोन टीव्हीला जोडलेला असताना व्हिडिओच्या चित्रावर थेट बोट ठेवणे म्हणजे ‘हे आत्ता लाव’ असा हुकूम देणे आहे. काही वेळा फोन ‘आत्ता लावू की रांगेत टाकू’ असे विचारतो, पण गडबडीत माणूस पहिल्याच पर्यायावर बोट ठेवतो. म्हणून प्रत्येक पाहुण्याला एकच गोष्ट हातात फोन घेऊन करून दाखवावी, नुसती सांगू नये: गाणे शोधा, चित्राला हात लावू नका, नावाच्या शेजारचे तीन उभे ठिपके दाबा आणि ‘Add to queue’ निवडा. रांगेत काय आहे ते फोनच्या तळाशी दिसणाऱ्या पट्टीवर बोट ठेवल्यास कळते. स्वतःचे गाणे रांगेत दिसले की माणसाचा जीव शांत होतो आणि तो पुन्हा पुन्हा लावण्याचा प्रयत्न करत नाही. माझा अनुभव असा, की निम्मी खेचाखेच ‘माझे गाणे गेले की नाही’ या शंकेतूनच होते.

सुरुवातीची चार-पाच गाणी यजमानाने स्वतः रांगेत टाकावीत. रांग रिकामी असेल, तर पहिला पाहुणा ‘Add to queue’ शोधण्याच्या भानगडीत न पडता थेट लावतो, आणि त्याचे पाहून बाकीचे तेच शिकतात.

दुसरा नियम मी कधीही मोडत नाही: पाचपेक्षा जास्त फोन जोडू द्यायचे नाहीत. गेल्या थंडीत चाळीस माणसे होती. मी एक फोन वांगी भाजणाऱ्यांच्या घोळक्यात, एक भाकरी थापणाऱ्या बायकांपैकी एकीकडे, एक तरुण पोरांत, एक ओसरीवरच्या वडीलधाऱ्यांजवळ बसलेल्या नातवाकडे आणि एक माझ्याकडे अशी वाटणी केली. ज्याला गाणे हवे, त्याने आपल्या घोळक्यातल्या फोनवाल्याला सांगायचे. साडेतीन तासांत एकच गाणे मध्ये तुटले, आणि ते तोडणाऱ्याला त्याच्याच घोळक्याने लगेच सांगितले. सगळ्यांना जोडू देणे उदार वाटते, पण त्यात कोणाचेच गाणे पुरे वाजत नाही.

आवाजाचेही असेच आहे. जोडलेल्या फोनच्या बाजूची बटणे अनेकदा टीव्हीचा आवाज बदलतात, आणि यूट्यूब उघडे असलेला फोन खिशात दाबला गेला तरी हे होते. टीव्हीचा आवाज मधल्या ठिकाणी ठेवून अ‍ॅम्प्लिफायरच्या गोल बटणावर कमाल मर्यादा ठरवावी. म्हणजे कोणी टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवला तरी स्पीकर फाटल्यासारखा वाजणार नाही, हे पार्टीआधी एकदा पूर्ण आवाज लावून तपासावे.

टीव्हीच्या यूट्यूबमधील आपोआप पुढचा व्हिडिओ लावण्याची सोय, म्हणजे ‘Autoplay’, बंद ठेवावी. रांग संपली की शांतता होईल आणि कोणीतरी नवे गाणे टाकेल. ती चालू असेल तर एखाद्या लोकगीतामागे तासाभराचा स्टेज कार्यक्रम सुरू होतो आणि तो बंद करण्यासाठी सगळे एकदम धावतात.

शेवटची पायरी लोक हमखास विसरतात आणि एकदा मीही विसरलो. कोडने जोडलेला फोन पार्टी संपल्यावर आपोआप सुटत नाही आणि त्याला तुमच्या घरात असण्याचीही गरज नसते. पार्टीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माझी आई टीव्हीवर कीर्तन ऐकत असताना अचानक डीजेचे गाणे लागले. तिने ते बंद केले, ते पुन्हा लागले. टीव्ही बिघडला असे समजून मी तो दोनदा बंद-चालू केला. भुसावळला परतलेला एक पाहुणा आपल्या घरी गाणी लावत होता आणि त्याच्या यूट्यूबमधून ती आमच्या टीव्हीकडे जात होती, हे त्याचा फोन आल्यावर समजले. त्याच्या बाजूला फक्त आवाज का येत नाही, एवढीच त्याची तक्रार होती.

म्हणून स्पीकरच्या वायरी गुंडाळण्याआधी टीव्हीच्या यूट्यूबमधील ‘Settings’ मध्ये ‘Linked devices’ या ठिकाणी जाऊन सर्व फोन काढून टाकावेत. पाहुण्याने आपल्या बाजूने कास्ट बंद केले एवढ्यावर समाधान मानू नये, कारण त्याच्या यादीत तुमचा टीव्ही तसाच राहतो. फोन काढल्यानंतर एखादा पाहुणा अजून अंगणात असेल, तर त्याला कास्टचे चिन्ह दाबायला सांगावे. तो तुमच्या वायफायवर नसताना यादीत तुमचा टीव्ही दिसला नाही, तर काम झाले. मग टीव्हीवर पुन्हा आपले खाते निवडावे.